व्हीलचेअरवर बसलेल्या बाईंचा कुर्ता: खालची कड नेमकी कुठे येते?

चित्रांगी_दादर

नमस्कार मंडळी. मुलांच्या एका पुस्तकासाठी चित्रं काढतेय. एका पानावर शाळेतून निवृत्त झालेल्या बाई शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ व्हीलचेअरवर बसल्या आहेत आणि दोन मुलं आउट की नॉट आउट हा वाद घेऊन त्यांच्याकडे आली आहेत. बाईंच्या अंगात सुती कुर्ता, सैल सलवार आणि ओढणी. आपण त्यांना उजवीकडून, तिरकं आणि किंचित वरून बघतोय.

हे पान तीनदा परत आलंय. संपादक ताईंचं म्हणणं, "बाई बसलेल्या वाटत नाहीत. उभ्या बाईंना कमरेत मोडून खुर्चीवर ठेवल्यासारखं दिसतं." चेहरा, हात, चाकं, सगळं त्यांना पसंत आहे. खोट कपड्यांत आहे एवढं मलाही दिसतं, पण ती कुठे आहे ते सापडत नाही.

सध्याच्या चित्रात कुर्त्याच्या चुण्या खांद्यापासून खालपर्यंत उभ्या आहेत. समोरची कड गुडघ्याखाली चार बोटांवर, सरळ आडवी. मागचा भाग खुर्चीच्या बाजूने चाकाजवळ थोडा लोंबतोय. फोटो बघून काढायचा प्रयत्न केला, पण व्हीलचेअरचे बहुतेक फोटो पँट घातलेल्या माणसांचे मिळतात. कुर्त्याचं काय होतं ते कोणी सांगेल का?

नितीन_गोरेगाव

कड खाली काढलीस हीच चूक आहे. बसल्यावर कपडा वर जातो. पँट घालून खुर्चीवर बस आणि बघ, मोहरी तीन-चार बोटं वर जाऊन मोजे दिसायला लागतात. आम्हाला फॅशन इलस्ट्रेशनला हेच शिकवलं होतं: बसलेली आकृती असेल तर खालची कड वर घ्या. कुर्ता गुडघ्याच्या वर आण, प्रश्न सुटेल.

चित्रांगी_दादर

नितीन, आत्ताच करून बघितलं. कड गुडघ्याच्या वर घेतली तर बाईंनी आखूड टॉप घातल्यासारखा दिसतो. मोडून ठेवल्यासारखं वाटतं ते तसंच आहे.

बाळा_मास्तर

चाळीस वर्षं लालबागला शिलाई केली, आता मुलगा दुकान बघतो. चित्रातलं मला काही कळत नाही, पण कापड बसल्यावर कुठे जातं ते सांगू शकतो.

नितीनभाऊ पँटबद्दल बोलतात ते खरं आहे, पण ते पायाला धरून बसणाऱ्या कापडाला लागू. गुडघा वाकला की वाटीवरून जायला कापड जास्त लागतं. मांडीवर पँट घट्ट दाबलेली असते, वरून कापड सरकून येत नाही, मग ते खालून ओढलं जातं आणि मोहरी वर चढते. लेगिंग, चुडीदार, जीन्स यांचं असंच होतं.

कुर्ता पायाला धरलेला नाही. तो खांद्यावर टांगलेला आहे आणि बाजूंना कट आहेत, म्हणजे पुढचा पल्ला आणि मागचा पल्ला कटाखाली वेगवेगळे चालतात. ताई, तुम्ही दोन्हीला एकच कड देताय. माणूस बसला की पुढच्या बाजूचं अंतर कमी होतं, कारण पोट आणि मांडी जवळ येतात. मागच्या बाजूचं अंतर वाढतं, कारण कापडाला पाठीवरून, बैठकीखालून, मांडीच्या तळाने जावं लागतं. कुर्ता एकाच लांबीचा शिवलेला. तेव्हा पुढे कापड उरतं आणि मागे कमी पडतं. पुढची कड उभं असतानापेक्षा वर जाणार नाही, थोडी खालीच येईल. मागची कड मांडीखाली अडकून राहील आणि समोरून दिसणारच नाही.

घरात कोणाला तरी खुर्चीवर बसवा आणि टेपने मोजा. खांद्यापासून मांडीच्या खाचेपर्यंत किती आणि तिथून गुडघ्याच्या टोकापर्यंत किती, एवढं पुरे. मागून खांदा ते बैठक आणि बैठक ते गुडघ्याची लवण.

शुभदा_मुलुंड

धागा बघून बरं वाटलं. माझ्या सासूबाई गेल्या वर्षापासून व्हीलचेअरवर आहेत. गाऊन सोडून काही घालतच नाहीत, म्हणतात कुर्ता मागे गोळा होतो आणि पाठीला टोचतो. त्यांना कुर्ता शिवायचा झाला तर कसा शिवावा? तयार मिळतात का असे?

बाळा_मास्तर

शुभदाताई, धागा चित्राचा आहे, पण प्रश्न त्याच कापडाचा आहे म्हणून इथेच सांगतो.

मागचा पल्ला बैठकीपर्यंतच ठेवायला सांगा. उभं राहून माप देऊ नका, खुर्चीवर बसवून मानेच्या मणक्यापासून खुर्चीच्या गादीपर्यंत टेप लावा. तेवढीच मागची लांबी, वर दुमडपट्टीला इंचभर. मग बैठकीखाली कापड जातच नाही, गोळा कुठून होणार? पुढचा पल्ला हवा तेवढा लांब ठेवा, समोरून नेहमीच्या कुर्त्यासारखा दिसतो. सलवारीचं आसन मागून दोन-अडीच इंच वर घ्यायचं आणि पुढून तेवढं कमी करायचं. नाहीतर वाकल्यावर मागून नाडी खाली येते आणि पुढे पोटावर कापडाचा गोळा होतो. मागे खिसा, बटण किंवा जाड शिवण नको. दिवसभर एकाच जागी बसणाऱ्याच्या कातडीला ती शिवण रुतते.

तयार कुठे मिळतात ते मला माहीत नाही. हिंदमाताला साधं मऊ कॉटन घ्या आणि तुमच्या नेहमीच्या शिंप्याला हे माप समजावून सांगा, न जमण्यासारखं त्यात काही नाही.

शुभदा_मुलुंड

मास्तर, मनापासून आभार. खुर्चीवर बसवून माप घ्यायचं हे इतक्या दिवसांत कोणी सुचवलं नव्हतं.

चाकांवरची

मी सोळा वर्षं व्हीलचेअर वापरतेय, पार्ल्यात राहते. चित्रांगी, तुझ्या चित्रातली एक गोष्ट ताबडतोब बदल. मागचा पल्ला चाकाजवळ लोंबतो तो काढून टाक. खुर्ची वापरणारी कोणतीही बाई कपडा चाकाजवळ राहू देणार नाही. एकदा ओढणी चाकात अडकली की आयुष्यभर लक्षात राहते. आर्मरेस्टखाली जी पत्र्याची किंवा प्लास्टिकची पाटी असते, ती कपडा चाकापासून लांब ठेवायलाच असते. बसल्या बसल्या माझं पहिलं काम म्हणजे दोन्ही बाजूंचा कपडा मांडी आणि पाटीच्या मधल्या फटीत खोचणं.

ती फट जवळून बघ, तिथे सगळं खरं दिसतं. कुर्त्याचा पुढचा पल्ला मांडीपेक्षा रुंद असतो. जास्तीचं कापड बाजूला उतरतं आणि पाटीला अडतं. खाली जायला जागा नसली की ते पाटीला टेकून वर वळतं आणि मांडीच्या कडेने कापडाची एक उभी पाळ तयार होते. घरातल्या साध्या खुर्चीवर असं होत नाही, तिथे कापड बाजूने खाली लोंबतं. तुझं चित्र खुर्चीवर चिकटवल्यासारखं वाटतं कारण कापडाला खुर्ची लागलेलीच नाही.

बाई स्वतः चाकं फिरवतात की कोणी ढकलतं? स्वतः फिरवत असतील तर बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या असतील. लांब बाही चाकाला घासून काळी होते.

चित्रांगी_दादर

बापरे, कापडाला खुर्ची लागलेली नाही, हेच तर झालंय! मी खुर्ची वेगळी काढली आणि बाई वेगळ्या. बाई स्वतःच चाकं फिरवतात, तेव्हा बाह्या वर घेते.

नितीन_गोरेगाव

मास्तर, पुढच्या-मागच्या पल्ल्याचं पटलं, तो विचार मी केला नव्हता. पण पुढची कड खाली येते हे सरसकट मानायला मन तयार नाही. मी कुर्ता घालून बसतो तेव्हा मांडीवर इतकं कापड जमा होतं की कड गुडघ्यावरच राहते.

बाळा_मास्तर

खरं आहे. उरलेलं कापड एक तर मांडीच्या खाचेत जमा होतं किंवा पुढे सरकून गुडघ्यावरून उतरतं. किती कुठे जाईल ते कापडावर आणि बसण्यावर ठरतं. खळ असलेलं कॉटन खाचेत उभं राहतं. रेयॉन किंवा जुनं, धुऊन मऊ झालेलं कॉटन घरंगळतं. आणि बसताना तुम्ही कुर्ता पुढे ओढून घेता की नाही, त्यानेही फरक पडतो.

चित्रांगी_दादर

काल मावशीला बसवून मोजलं. तिची उंची ५ फूट २ इंच, बाईंच्या जवळपास. कुर्ता खांद्यापासून ३८ इंच. उभी असताना कड गुडघ्याच्या वाटीखाली अडीच इंचांवर येत होती.

बसल्यावर पुढून खांदा ते मांडीची खाच १९ इंच भरलं आणि खाच ते गुडघ्याचं टोक १३. बेरीज ३२. म्हणजे कापड अगदी ताणून बसवलं तर ६ इंच गुडघ्याखाली उतरायला हवं. प्रत्यक्षात उतरलं साडेतीन इंच, उरलेलं अडीच इंच खाचेत जमलं होतं. म्हणजे उभं असतानापेक्षा कड एक इंच खाली आली. नितीन, मग मी तिला कुर्ता मागे ओढून बसायला सांगितलं, तेव्हा तू म्हणतोस तसं झालं. कड गुडघ्याच्या जेमतेम खाली, आणि पोटापाशी मोठा गोळा.

मागून खांदा ते बैठक २३ इंच आणि बैठक ते गुडघ्याची लवण १७. बेरीज ४०, कुर्ता ३८. मागची कड लवणीच्या दोन इंच अलीकडेच संपली, मांडीच्या खाली. मी समोर, बाजूला, तिरकी उभी राहून बघितलं, कुठूनही दिसली नाही. फक्त कटाच्या तोंडाशी, कमरेच्या बाजूला, मागच्या पल्ल्याची एक चिंचोळी पट्टी मांडीखाली जाताना दिसते. तिच्यावर वजन असल्यामुळे ती ताणलेली असते, चुणी एकही नाही. पुढचा पल्ला सैल आणि मागचा ताणलेला, हा फरक त्या एका जागी शेजारी शेजारी दिसतो. माझ्या चित्रात दोन्हीकडे सारख्याच चुण्या आहेत.

जुना_जेजे

हे मोजमाप करून तुम्ही बरंच अंतर कापलंत. आता चुण्यांबद्दल थोडं.

उभ्या माणसाचा कुर्ता खांद्यावर टांगलेला असतो, म्हणून चुण्या खांद्याकडून खाली येतात. बसलेल्या माणसाचं कापड तीन ठिकाणी टेकतं: खांदे, मांड्यांची वरची बाजू आणि गुडघे. खांद्यांवरून येणारी चुणी मांडीच्या खाचेत संपली पाहिजे. तुमची चुणी तिथे न थांबता गुडघ्यापर्यंत गेली, म्हणून बाई कमरेत मोडल्यासारख्या दिसतात. खाचेत चुण्यांची दिशाच बदलते, त्या आडव्या होतात, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत, मध्यभागी किंचित खाली वाकलेल्या. त्या तीन-चारच काढा आणि मधली सर्वांत खोल ठेवा. तिथून पुढे मांडीच्या वरच्या बाजूला जवळजवळ काहीच काढू नका. कापड तिथे निवांत पडलेलं असतं आणि ती मोकळी जागाच बघणाऱ्याला सांगते की खाली मांडी आहे. नवखा माणूस तिथेच जास्त रेघा मारतो.

गुडघ्यावरून कापड खाली पडतं तिथे पुन्हा उभ्या चुण्या सुरू होतात, पण त्यांचं उगमस्थान गुडघा.

आता कड. सरळ आडवी काढू नका. दोन गुडघ्यांमध्ये अंतर असेल तर मधलं कापड झोळीसारखं आत बसतं. मधल्या कापडाला गुडघ्याची चढण चढावी लागत नाही, त्यामुळे तिथे कड जराशी खाली येते आणि मागे, सावलीत जाते. प्रत्येक गुडघ्याभोवती ती गोलाईने वळते. बाहेरच्या टोकाला, कटाचा कोपरा असतो तिथे, छोटं टोक खाली उतरतं. गुडघे एकमेकांना चिकटून असतील तर मात्र कड बरीच सरळ राहते. तेव्हा आधी गुडघ्यांमधलं अंतर ठरवा.

चाकांवरची

गुडघ्यांच्या अंतराबद्दल एक सांगते, लोक हमखास चुकतात. घडी होणाऱ्या साध्या खुर्चीची बैठक म्हणजे दोन नळ्यांमध्ये ताणलेलं रेक्झीन. वर्षभरात ते मध्ये खोलगट होतं. मग मांड्या आपोआप आतल्या बाजूला घसरतात आणि गुडघे जवळ येतात. बाई गादी वापरत असतील तर बैठक सपाट होते आणि गुडघे सरळ राहतात. म्हणजे त्यांच्या खुर्चीवर गादी आहे की नाही, त्यावर तुझी कड ठरणार.

दुसरं फूटरेस्ट. ते उंच लावलं असेल तर गुडघे कमरेपेक्षा वर जातात, मांडी मागे उतरती होते आणि कुर्ता घसरून पोटापाशी येतो. खूप खाली असेल तर मांडी पुढे उतरती होते आणि कापड गुडघ्यावरून ओघळत राहतं. मावशीला जेवणाच्या खुर्चीवर बसवलंस ना? पाय जमिनीवर होते ना? खुर्चीत पाय फूटरेस्टवर असतात, त्यामुळे आकडे थोडे बदलतील.

आणि पाय. माझ्या पायांचे स्नायू बारीक झालेत. सलवारीत पाय कमी आणि कापड जास्त. पोटरीवर कापड गोल राहत नाही, नडगीच्या हाडावर टेकतं आणि दोन्ही बाजूंनी आत बसतं. बाई किती वर्षं खुर्चीवर आहेत, हे तुला माहीत असायला हवं.

चित्रांगी_दादर

ताई, गोष्टीत तेवढंच म्हटलंय की "बाईंची खुर्ची सगळ्या पार्काला ओळखीची". म्हणजे बरीच वर्षं झाली असावीत. लेखिकेला विचारते. आणि हो, मावशीचे पाय जमिनीवरच होते.

पंक्या_थ्रीडी

माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण विषय हाच. मी ब्लेंडरमध्ये बसलेल्या आजोबांना झब्बा घालतोय. आकृती आधीच खुर्चीत बसवली आणि झब्बा त्याच बसलेल्या आकारात बेतला. सिम्युलेशन चालू केलं की मांडी आणि बैठकीच्या मधलं कापड थरथरतं आणि शेवटी मांडीतून आरपार बाहेर येतं. Quality Steps ५ वरून १५ केले, वेळ तिप्पट लागला आणि थरथर तशीच.

सुईदोरा_ठाणे

पंक्या, तुझी अडचण Quality Steps ची नाही. दोन्हीकडून ढकललं जाणारं कापड जाणार कुठे? मांडी त्याला खाली ढकलते, बैठक वर ढकलते. Cloth च्या Collisions मध्ये Distance मुळात ०.०१५ असतं, म्हणजे दीड सेंटीमीटर. तुझ्या आकृतीची मांडी बैठकीला टेकलेली असेल तर तेवढं अंतर राखायला जागाच नाही. Distance ०.००४ च्या आसपास आण आणि आकृती बैठकीपासून एक सेंटीमीटर वर उचल. कॅमेऱ्यात ती फट दिसत नाही.

आणि बसलेल्या आकारात कपडा बेतू नकोस. उभ्या आकृतीला घाल, मग साठ-सत्तर फ्रेममध्ये तिला हळूहळू खाली बसव आणि नंतर तीस-चाळीस फ्रेम काहीच न हलवता कापड निवू दे. खुर्चीलाही Collision लाव, नाहीतर बाजूचं कापड आर्मरेस्टमधून जाईल. वर मास्तर सांगतायत ते पुढे उरणं आणि मागे कमी पडणं तेव्हाच आपोआप येतं, कारण कपडा उभ्या माणसाच्या मापाचा असतो. बसलेल्या आकारात बेतलास तर खाचेत जमायला कापड उरतच नाही.

पंक्या_थ्रीडी

उभ्यापासून बसवून बघितलं. खाचेतल्या चुण्या पहिल्यांदाच खऱ्या वाटल्या आणि थरथर गेली. पण बसताना मागचा पल्ला आर्मरेस्टवर अडकतो आणि तिथेच लटकून राहतो. आर्मरेस्ट नंतर आणावं का?

सुईदोरा_ठाणे

माझ्याकडेही तसंच झालं होतं. मी आर्मरेस्ट आणि पाटी बाहेरून आत सरकवत आणली, आकृती बसून झाल्यावर. त्याने पाटीपाशी कापडाची पाळ बरी आली, पण दर वेळी जमतं असं नाही. कधी पाटी कापडाच्या आतच जाऊन बसते. याला पक्का उपाय मला सापडलेला नाही.

चाकांवरची

पंक्या, आम्ही खुर्चीत बसतो ते वरून खाली नाही. पलंगावरून बाजूने सरकून बसतो, एका बाजूचं आर्मरेस्ट काढून किंवा वर करून. ते जागेवर येतं नंतर. तुझे आजोबा तसेच बसत असतील तर आर्मरेस्ट नंतर आणणं हेच खरं. आणि बाजूने सरकताना मागचा पल्ला ज्या बाजूने आलो त्या बाजूला मागे राहतो, कमरेत पीळ पडतो. बसल्यावर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झुकून तो काढावा लागतो. घाईत असले की तो पीळ दिवसभर राहतो.

जुना_जेजे

पाटीपाशी वर वळलेल्या कापडाबद्दल मला थोडी शंका आहे. ते खरं असेल, पण चित्रात बाईंच्या मांडीची बाहेरची रेघ त्याने तुटेल. बसलेल्या आकृतीत ती रेघ फार महत्त्वाची असते, सगळा तोल तिच्यावर. मी असतो तर पाटीच्या आत कापड नुसतं खोचलेलं दाखवलं असतं.

चाकांवरची

सर, तुमचा अनुभव मोठा आहे. पण ही रेघ तुटते म्हणूनच ती खुर्ची व्हीलचेअर वाटते. रेघ अखंड ठेवली तर बाई सोफ्यावर बसल्यात की चाकांच्या खुर्चीवर, ते फक्त चाकांवरून कळेल. शिवाय खोचलेलं कापड खोचलेलं राहत नाही. दोनदा चाक फिरवलं की वर येतं.

जुना_जेजे

चाक फिरवल्यावर वर येतं, हे मला माहीत नव्हतं. तरी रेघेबद्दल माझं मत तेच आहे. दोन्ही काढून शेजारी ठेवून बघावं लागेल.

चित्रांगी_दादर

दोन्ही काढून बघितले. आधी सर म्हणतात तसं, अखंड रेघ ठेवून. दिसायला देखणं आलं, पण ताई म्हणाल्या तेच झालं, बाई सोफ्यावरच्या वाटल्या. मग पाळ घेतली, पण सगळ्या मांडीभर नाही, फक्त कमरेपासून अर्ध्या मांडीपर्यंत. पुढे गुडघ्याजवळ बाहेरची रेघ मोकळी ठेवली. पाटीही तिथपर्यंतच असते, त्यामुळे ते तसंच असायला हवं होतं. सर, ही मधली वाट तुम्हाला पटते का ते सांगा.

बाकीचे बदल असे. लेखिकेने सांगितलं की बाई वीस वर्षं खुर्चीवर आहेत आणि त्यांचं सगळं नीटनेटकं असतं, म्हणून गादी दिली. गुडघ्यांमध्ये वीतभर अंतर आलं, मधे उथळ झोळ. मावशीला पुन्हा बसवलं, या वेळी पायाखाली पाट ठेवून. गुडघे थोडे वर आले आणि कड साडेतीनऐवजी अडीच इंचांवर आली. तीच चित्रात घेतली. खांद्याच्या चुण्या खाचेत थांबवल्या, तिथे तीन आडव्या, मांडी कोरी. सलवार नडगीवर टेकलेली आणि बाजूंनी आत बसलेली. मोहरी घोट्यावर, मागे टाचेपाशी थोडं कापड जमलेलं. बाह्या कोपरापर्यंत. मागचा पल्ला पुसला.

ओढणीचं अडलंय. गोष्टीत ती वाऱ्यावर उडते असं वाक्य आहे.

चाकांवरची

पार्कात समुद्राचा वारा असतो, ओढणी उडणारच. पण दोन्ही टोकं मोकळी सोडू नकोस. मी एक टोक मांडीखाली दाबून ठेवते, दुसरं खांद्यावरून पुढे घेऊन मांडीवर. तुझ्या बाईंचं मांडीवरचं टोक उडू दे, चाकाकडचं दाबलेलं राहू दे. मग मांडीखालून निघून खांद्याकडे जाणारी एक ताणलेली तिरकी रेघ मिळेल आणि दुसऱ्या टोकाला मोकळेपणा.

बाळा_मास्तर

चित्रांगीताई, एवढं आठवून बघा. बाई वीस वर्षं खुर्चीवर आणि नीटनेटक्या, मग त्यांचा कुर्ता तयार विकत घेतलेला नसेल. मागचा पल्ला त्यांनी बैठकीपर्यंतच शिवून घेतला असेल. तसं असेल तर कटाच्या तोंडाशी मागच्या पल्ल्याची ताणलेली पट्टी मांडीखाली जाताना दिसणार नाही. तिथे मागची कड बैठकीला टेकून संपलेली दिसेल, आणि तिच्याखाली सलवार.

चित्रांगी_दादर

मास्तर, हे माझ्या लक्षातच आलं नाही. ती पट्टी मी काल मोठ्या हौसेने रंगवली होती. आज तिथे मागची कड आणि दुमडपट्टीचे दोन टाके काढते. उद्या पान पाठवायचंय, संपादक ताई काय म्हणतात ते इथे लिहीन.

शुभदा_मुलुंड

मास्तर, काल सासूबाईंना बसवून माप घेतलं. मानेपासून गादीपर्यंत २२ इंच आलं. खांदे थोडे पुढे झुकलेले आहेत त्यांचे. २२ वरच कापू की थोडं जास्त ठेवू?

बाळा_मास्तर

झुकलेल्या पाठीला वरून कापड जास्त लागतं. टेप पाठीच्या बाकावरून, अंगाला लागून घेतला होता की सरळ धरला होता? सरळ धरला असेल तर पुन्हा घ्या. आणि पहिला कुर्ता जुन्या चादरीचा शिवून बघा.